गच्चीवरच्या बागेचा गट सशुल्क करायचाय : महिन्याला किती घ्यावे, बदल्यात काय द्यावे, कुठे चालवावा? (नाशिक)

शेवंती | ४ मे, रात्री १०:४०

नमस्कार. गंगापूर रोड आणि आसपासच्या गच्ची-बाल्कनीत बाग करणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॅप गट आहे. २०१९ मध्ये अकरा जणांनी सुरू केला, आज ६४० जण आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर भेट होते, बियाणं-कलमांची देवाणघेवाण होते, आणि "माझ्या झाडाला काय झालंय" हा प्रश्न तर दिवसभर चालूच असतो. चालवणाऱ्या आम्ही तिघी.

गेल्या वर्षी हॉलचं भाडं, बाहेरून बोलावलेल्या माणसांचं मानधन आणि चहापाणी मिळून ३१ हजार रुपये आमच्या खिशातून गेले. त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री अकराला मिलीबगचे फोटो येतात, आणि अर्ध्या तासात उत्तर गेलं नाही तर "पाहिलंत का ताई?" येतं. आमच्यातली एक जण या थकव्यानेच बाजूला व्हायच्या बेतात आहे.

म्हणून सशुल्क सदस्यत्व काढायचं ठरवतोय. महिना १९९ रुपये. त्यात दरमहा चार प्रकारच्या बियांचं पाकीट घरपोच, झाडांच्या दुखण्यावर कधीही सल्ला, महिन्यातून एक ऑनलाइन वर्ग आणि नर्सरीत सवलत. गटात मतचाचणी घेतली तर २१४ जणांनी "हो, भरू" म्हटलं. म्हणजे महिन्याला ४२ हजारांच्या वर. हा हिशोब बरोबर आहे का? गट कुठे चालवावा? अनुभव असेल त्यांनी सांगा.

मनीप्लांट | ४ मे, रात्री ११:१५

ताई, १९९ जास्त होतात. ९९ ठेवा. शंभराच्या आत असलं की माणूस विचार करत नाही, दुप्पट लोक येतील. आणि व्हॉट्सॅप सोडा, टेलिग्रामवर जा. तिथे बॉट लावला की ज्याने पैसे भरले नाहीत तो आपोआप बाहेर जातो, आणि कुणाचा फोन नंबर कुणाला दिसत नाही. पेमेंट गेटवे घेऊन यूपीआय ऑटोपे लावा, दरमहा पैसे आपसूक येतील.

एक लक्षात ठेवा, पहिल्या रुपयापासून १८ टक्के जीएसटी लागेल. तो फीमध्ये धरूनच चाला.

पाथर्डी_फाटा | ५ मे, सकाळी ७:०५

मला सदस्य व्हायचंय, पैसे कुठे भरायचे? माझ्या कुंडीतल्या लिंबाची नवी पानं वळतात आणि त्यावर चंदेरी नागमोडी रेघा दिसतात. दोन वेळा औषध मारलं. फोटो टाकू का?

शेवंती | ५ मे, सकाळी ७:५०

दादा, सदस्यत्व अजून सुरू झालेलं नाही, त्याचीच इथे चर्चा चालू आहे. तुमच्या लिंबावर नागअळी आहे. ती पानाच्या आत पोखरत जाते म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. जास्त खराब पानं काढून टाका. नवी पालवी फुटायला लागली की लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. जुन्या जून पानांवर ती जात नाही, त्यामुळे सगळं झाड धुवून काढायची गरज नाही.

गोदाकाठ | ५ मे, दुपारी २:२०

शेवंतीताई, मी नाशिकरोडला छायाचित्रणाचं मंडळ सहा वर्षं सशुल्क चालवलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बसलं. सविस्तर लिहितो.

आधी मतचाचणी. "भराल का?" या प्रश्नाला हो म्हणायला काहीच लागत नाही. आमच्याकडे १३० जण हो म्हणाले होते, पहिल्या महिन्यात पैसे आले २९ जणांचे. तुमचा आकडा तसाच निघेल असं नाही, पण २१४ हा आकडा हिशोबात धरूच नका. तारीख ठरवा, रक्कम सांगा आणि म्हणा, "अमुक तारखेपर्यंत चाळीस जणांनी पैसे भरले तर सुरू करू, नाहीतर सगळ्यांचे परत." त्या दिवशी जो आकडा हातात येईल तो खरा.

आता बियांचं पाकीट. ते १९९ मध्ये बसतं असं तुम्हाला वाटतंय, म्हणून एका सदस्याचा हिशोब मांडू. चार प्रकारच्या थोड्या-थोड्या बिया ३२ रुपये. छोट्या पुड्या, चिठ्ठ्या आणि जाड पाकीट १४. शहरातल्या शहरात कुरिअर ५२. झाले ९८. गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, म्हणजे १९९ वर ४ रुपये ७० पैसे. हातात राहिले ९६ रुपये ३० पैसे. वर्ग, हॉल, मानधन, चहा सगळं त्यातून.

आता मनीप्लांट म्हणतात तसे ९९ घ्या. गेटवेचे २ रुपये ३४ पैसे वजा जाता ९६ रुपये ६६ पैसे येतात आणि पाकिटाला ९८ लागतात. प्रत्येक सदस्यामागे सव्वा रुपयाच्या वर तोटा, आणि हॉलचं भाडं अजून बाकीच. सदस्य दुप्पट झाले तर तोटाही दुप्पट. "दुप्पट लोक येतील" हे खरं ठरलं तर जास्त अडचण होईल.

ज्या फायद्याचा खर्च प्रत्येक माणसामागे वाढतो आणि ज्याचा खर्च एकदाच होतो, ते दोन वेगळे कागदावर मांडा. वक्त्याला २५०० दिले तर ऐकणारे वीस असोत की ऐंशी, खर्च तोच. पाकिटाचं तसं नाही. शिवाय दीडशे पाकिटं भरायला किती वेळ लागतो ते एकदा बसून पाहा. आम्ही दर तीन महिन्यांनी सदस्यांना फोटोची प्रिंट घरपोच देत होतो. चार जणांचा अख्खा रविवार जायचा, आणि सोमवारपासून "माझी आली नाही" चे फोन.

सायकल_सातपूर | ५ मे, दुपारी ४:१०

आमचा सायकलचा गट होता, महिना १००. सुरुवातीला सगळ्यांना टी-शर्ट दिला. पहिल्या महिन्यात ५२ जण. टी-शर्ट मिळाला, तिसऱ्या महिन्यात १९ उरले. टी-शर्टला २६० पडले होते. दारातच सगळं देऊ नका एवढंच सांगतो.

मनीप्लांट | ५ मे, सायंकाळी ६:३०

गोदाकाठ, पाकिटाचं पटलं, मी तो खर्च धरलाच नव्हता. मग पाकीट काढून ९९ ठेवा की. ऑटोपेने दरमहा येत राहतील. यात काय अडचण?

आकडेमोड | ५ मे, रात्री ९:००

मी हिशोबाच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, जीएसटी. संस्था आणि तिचे सदस्य या कायद्यात दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात, २०२१ च्या वित्त कायद्याने तशी दुरुस्ती केली. त्यामुळे "आमचेच लोक, आमचेच पैसे" हा बचाव चालत नाही, एवढं मनीप्लांट यांचं बरोबर आहे. पण सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की येते. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. नोंदणी नसताना सदस्यांकडून जीएसटी म्हणून वेगळे पैसे घेणं मात्र चूक ठरेल. आज गेटवे जो जीएसटी कापतो, तो त्याच्या स्वतःच्या सेवेवरचा आहे. त्याचा तुमच्या फीशी संबंध नाही.

दुसरी, पैसे कुणाच्या खात्यात येणार? तुमच्या एकटीच्या बचत खात्यात वर्षाला लाखभर रुपये आले तर ते उत्पन्न तुमचं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सुरुवातीला निदान फक्त याच कामासाठी एक वेगळं खातं, दोघींच्या सहीचं, आणि दर महिन्याला जमाखर्चाचा एक कागद गटात. पुढे गट टिकला तर संस्था नोंदवा. त्याला किमान सात जण लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका, पण पॅन आणि खात्याबद्दल एकदा तुमच्या सीएंना विचारा.

आता दरमहाचं. शंभरातले आठ जण दर महिन्याला गळतात असं धरा. ऐकायला थोडं वाटतं. साठ जणांनी सुरुवात केली आणि नवीन कुणी आलं नाही, तर वर्षाच्या शेवटी बावीस उरतात. तुमचा हॉल आणि वक्ता मात्र साठ जणांच्या हिशोबाने ठरलेला असतो.

गोदाकाठ | ५ मे, रात्री १०:१५

आकडेमोड काकांनी गळती सांगितली, ती का होते ते मी सांगतो. ऑटोपे "आपसूक" असतो हे अर्धंच खरं आहे. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सदस्याला सूचना जाते. नियम म्हणून ते योग्यच आहे. पण वर्षातून बारा वेळा माणसाला "हे चालू ठेवायचं का?" असं विचारलं जातं, आणि ज्या महिन्यात तो भेटीला आलेला नसतो त्या महिन्यात तो नाही म्हणतो. खात्यात पैसे नसले तर वजावट फसते, ती वेगळीच. आणि गेटवे नुसता मिळत नाही. पॅन, खातं, शिवाय अटी आणि परताव्याचं धोरण लिहिलेलं एक संकेतस्थळ मागतात.

बागेला तर ऋतू आहेत. नाशिकमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडे बुरशी आणि किडीच्या प्रश्नांचा पूर येत असणार, ऑक्टोबरमध्ये हिवाळी भाज्यांचा उत्साह, आणि मार्चमध्ये सामसूम. मासिक फी ठेवलीत तर लोक जूनला येतील आणि फेब्रुवारीला जातील. त्यांचा यात दोष नाही, त्यांना त्या महिन्यात तुमची गरज नसते.

म्हणून माझं मत : मासिक फी मनात धरा, पण वसूल वर्षाची करा. हवं तर सहा महिन्यांचा पर्याय ठेवा, जरा महाग. वर्षातून एकदाच पैसे घ्यायचे असतील तर गेटवेही नको. खात्याचा यूपीआय क्यूआर पुरतो, त्यावर कापलं काही जात नाही. फक्त एक त्रास होतो. पैसे नवऱ्याच्या किंवा मुलीच्या फोनवरून येतात, नाव जुळत नाही. त्यासाठी एक साधा फॉर्म ठेवा : सदस्याचं नाव, व्हॉट्सॅप नंबर आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. दोन वर्षं मी स्क्रीनशॉट गोळा करत होतो. त्यातून काही शोधता येत नाही.

बीबियाणे | ६ मे, सकाळी ९:३०

पंचवटीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. पाकिटाबद्दल एक सावधगिरी. बियाणं विकायला परवाना लागतो, १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली. मी दरवेळी तो नूतनीकरण करतो, तपासणीही होते. तुम्ही पैसे घेऊन दरमहा बियांची पाकिटं पाठवणार असाल तर ते वाटप की विक्री, हा प्रश्न कुणीतरी विचारू शकतो. घरच्या बियांची आपापसात अदलाबदल वेगळी. पण मोठ्या पुड्या आणून त्यातल्या बिया छोट्या पाकिटात भरून सदस्यत्वाच्या नावावर देणं मला धोक्याचं वाटतं. मूळ पुडीवरचा लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, मुदत, सगळं निघून जातं. उगवलं नाही तर बोल तुम्हाला.

मनीप्लांट | ६ मे, सकाळी १०:०५

एवढ्या छोट्या गटाला कोण विचारायला येतंय? आणि शेतकऱ्यांना आपलं बियाणं विकायचा हक्क कायद्यानेच आहे ना?

बीबियाणे | ६ मे, सकाळी १०:४०

तो हक्क शेतकऱ्याला त्याच्या शेतात पिकलेल्या बियाण्याचा आहे, आणि ब्रँडच्या नावाने विकायचा नाही. गच्चीवर बाग करणारा त्यात बसतो का, हे मी सांगू शकत नाही. कृषी विभागात लेखी विचारा.

रानजाई | ६ मे, दुपारी १:१५

मी या गटात २०१९ पासून आहे. वय ६७. माझ्याकडची गावठी वांग्याची, घेवड्याची आणि देशी गुलाबाची बियाणं-कलमं किती घरांत गेलीत त्याची मी मोजदाद ठेवली नाही. आता वाचते की दरमहा बियांचं पाकीट पैसे घेऊन देणार. त्या बिया आमच्याकडूनच येणार ना? म्हणजे मी दिलेलं बियाणं मलाच १९९ ला?

शेवंती, तुझा त्रास मला दिसतो. रात्रीचे फोन मी पाहिलेत. पण गट आपण पैशावर उभा केला नव्हता. निवृत्तिवेतनात बसेल की नाही हा मुद्दा नाही, मी भरीनही. ज्यांनी दिलं त्यांना विचारलंत का, एवढंच विचारते.

शेवंती | ६ मे, दुपारी ३:३०

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विचारलं नाही, हे खरं आहे. आधी विचारायला हवं होतं. बियांचं पाकीट मी रद्द करते आहे. परवान्याचा प्रश्न आहे, खर्चाचा आहे, आणि तुमचाही आहे. रविवारच्या भेटीतलं देवाणघेवाणीचं टेबल आहे तसंच राहील, सगळ्यांना मोफत, सदस्य असो वा नसो.

पण मग विकायचं काय, हा प्रश्न मला पडलाय. पाकीट गेलं, सवलत तर नर्सरीवाले तसंही देतात.

गोदाकाठ | ६ मे, रात्री ९:४५

ताई, वर पाथर्डी फाट्याच्या दादांचा प्रश्न पाहा. ते चुकून इथे आले, चर्चा काय चालली आहे ते न वाचता "पैसे कुठे भरू" म्हणाले आणि लगेच लिंबाचं दुखणं सांगितलं. तुम्ही पाच ओळींत जे उत्तर दिलंत त्यासाठी माणूस पैसे देतो. बिया बाजारात मिळतात. नाशिकच्या हवेत, गच्चीच्या उन्हात, कुंडीत वाढलेल्या झाडाला काय झालंय हे ओळखणारं माणूस मिळत नाही.

पण "कधीही सल्ला" असं लिहू नका. त्यानेच तुम्ही थकलात, आणि पैसे घेतल्यावर तर लोक तो हक्काने मागतील. वेळ बांधा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, मंगळवार-शुक्रवार, आठ ते नऊ. एका प्रश्नाला तीन फोटो सक्तीचे : पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि कुंडीसकट पूर्ण झाड. खालची बाजू नसली की अर्धा वेळ "पान उलटून दाखवा" यातच जातो, तुम्हाला माहीतच आहे. सोबत एक ओळ, पाणी किती वेळाने घालता. तासाभरात तुम्ही तिघी किती प्रश्न नीट बघू शकता ते आधी दोन आठवडे मोजा. बारा जमत असतील तर आठवड्याला चोवीस. पावसाळ्यात एका सदस्याला महिन्याला दोन प्रश्न धरले तर साधारण पन्नास सदस्य झेपतात. म्हणून पहिल्या वर्षी पन्नासच्या पुढे प्रवेश बंद. मर्यादा पैशाने नाही, तुमच्या वेळेने ठरवा.

आणि उत्तरं साठवा. व्हॉट्सॅपवर उत्तर तिसऱ्या दिवशी वाहून जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. गूगल डॉक्समध्ये झाडाच्या नावाने एकेक पान, त्यात फोटो, निदान, काय केलं, आणि तीन आठवड्यांनी काय झालं. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि तेच सगळ्यात उपयोगी असतं. वर्षभरात तो नाशिकचा स्वतःचा संदर्भ होईल, आणि दुसऱ्या वर्षी लोक त्यासाठीच पैसे भरतील.

मनीप्लांट | ६ मे, रात्री १०:२०

वर्षाचं म्हणणं मान्य. पण जागा? व्हॉट्सॅपवर पन्नास बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात. माझ्या आईला एका अशाच गटातून एक माणूस रोज सुप्रभात पाठवायचा, नंतर फोन करायला लागला. तिने गट सोडला. म्हणून मी टेलिग्राम म्हणतोय.

शेवंती | ६ मे, रात्री १०:५०

हे आमच्याकडेही दोनदा झालंय. पण आमच्या निम्म्या सदस्या साठीच्या आसपास आहेत. मागे टेलिग्राम करून पाहिलं होतं, ४० जणींना बोलावलं, ९ आल्या आणि त्यातल्या तिघींना परत कसं उघडायचं ते सापडेना.

गोदाकाठ | ७ मे, सकाळी ८:१०

मनीप्लांट यांची काळजी रास्त आहे. मध्यम मार्ग असा. व्हॉट्सॅपवर कम्युनिटी करा. तिच्या घोषणांच्या गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त चालकांना दिसतात. वर्गाची, भेटीची, सल्ल्याच्या वेळेची सूचना तिथे. प्रश्न विचारायचा गट वेगळा, ज्याला नंबर दिसलेला चालेल तो त्यात येईल. ज्यांना नको त्यांनी प्रश्न फॉर्ममधून पाठवावा, तुम्ही उत्तर नाव न घेता डॉक्समध्ये टाकाल.

साध्या गटाला १०२४ ची मर्यादा आहे, तुम्हाला पन्नासला काही फरक पडत नाही. बॉट नाही म्हणून पैसे न भरणारा आपोआप बाहेर जाणार नाही, पण वर्षातून एकदाच यादी तपासायची आहे. पन्नास नावं चहा संपायच्या आत तपासून होतात. पॅट्रिऑनसारख्या परदेशी जागा आम्ही पाहिल्या होत्या. ऑगस्ट २०२५ पासून नवीन येणाऱ्यांकडून ते दहा टक्के घेतात, पैसे चुकते करायचा खर्च वेगळा. यूपीआयच्या देशात आपल्या पन्नास जणांसाठी ते नको.

आकडेमोड | ७ मे, सकाळी ११:००

मग फी खालून वर काढा. आधी वर्षाचा खर्च लिहा, मग भागा. १९९ हा आकडा तुम्ही कुठून आणलात ते मला कळलेलं नाही.

शेवंती | ७ मे, दुपारी १२:२०

एका ऑनलाइन वर्गाचा होता, तोच घेतला.

खर्च लिहिला. वर्षात सहा बाहेरचे वक्ते, प्रत्येकी २५००, म्हणजे १५ हजार. हॉल फक्त तीन वेळा, पावसात, २००० प्रमाणे ६ हजार. बाकी भेटी गच्चीवर. चहा-नाश्ता महिन्याला ६००, वर्षाचे ७२००. आणि सल्ल्याच्या संध्याकाळी तिघी आळीपाळीने बसणार, त्या महिन्यात जी बसेल तिला १ हजार, वर्षाचे १२ हजार. हे शेवटचं लिहिताना मला अवघड वाटलं, पण जी बाजूला व्हायच्या बेतात आहे ती यावर थांबायला तयार आहे. एकूण ४० हजार २००.

चाळीस सदस्य धरले तर १००५ रुपये, पंचेचाळीस धरले तर ८९३.

आकडेमोड | ७ मे, दुपारी १:०५

मानधनाबद्दल अवघडून घेऊ नका, ते कागदावर राहू द्या. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर खरा खर्च किती ते त्याला कळेल. ९०० ठेवा. म्हणजे महिना ७५. सहा महिन्यांचे ५५०. किमान पंचेचाळीस भरले तरच सुरू. चाळीसवर सुरू केलंत तर ४२०० कमी पडतील, ते पुन्हा तुमच्याच खिशातून जातील.

रानजाई | ७ मे, सायंकाळी ५:४०

आणि मोठा गट? तो राहणार की हळूहळू ओस पडणार? सगळी उत्तरं पैसे भरणाऱ्यांनाच दिली तर तिकडे कोण बोलेल?

गोदाकाठ | ७ मे, रात्री ९:३०

काकू, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमचा मोफत गट दीड वर्षात ओस पडला. जाणते सगळे इकडे आले. मी ते थांबवू शकलो नाही. एक करता येईल : डॉक्समधली उत्तरं दोन-तीन महिन्यांनी सगळ्यांना खुली करायची. सदस्याला ताजं उत्तर, बाकीच्यांना नंतर. पुरेल की नाही सांगता येत नाही.

सायकल_सातपूर | ७ मे, रात्री १०:००

काकूंसारख्या जुन्यांना मोफत सदस्यत्व द्या की.

आकडेमोड | ७ मे, रात्री १०:२५

द्या, पण किती जणांना ते आधी ठरवा आणि नावं जाहीर करा. पन्नास जागांत पंधरा मोफत झाल्या तर उरलेल्या पस्तीस जणांवर ११४९ रुपये येतात. मोफत सदस्यही मंगळवारी प्रश्न विचारणारच.

रानजाई | ८ मे, सकाळी ६:५०

मला मोफत नको. मी ९०० भरीन. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याचं बियाणं टेबलावर येतं त्याचं नाव पुडीवर लिहा. कुठल्या गच्चीवरचं, कुठल्या वर्षीचं.

शेवंती | २६ मे, रात्री ९:१५

कळवते. १२ मे ला गटात लिहिलं : वर्षाचे ९००, पन्नास जागा, २२ तारखेपर्यंत पंचेचाळीस झाले तर सुरू, नाहीतर परत. काय मिळणार ते तीन ओळींत : मंगळवार-शुक्रवार सल्ला, महिन्याची भेट किंवा वर्ग, उत्तरांची डॉक्स. बियांचा उल्लेखच नाही.

पहिल्या दोन दिवसांत १८ आले. मग चार दिवस एकही नाही, आणि मला वाटलं झालं. शेवटच्या दोन दिवसांत बाकीचे. एकूण ४७. त्यातले ३१ मतचाचणीत "हो" म्हणणारे आणि १६ असे, ज्यांनी मतच दिलं नव्हतं. म्हणजे २१४ मधले ३१. सहा महिन्यांचा पर्याय आम्ही शेवटी ठेवलाच नाही, हिशोब सोपा राहावा म्हणून.

जमा ४२ हजार ३००. सात जणांचे पैसे दुसऱ्याच्या नावावरून आले, शेवटच्या चार आकड्यांमुळे सगळे जुळले. खातं माझ्या आणि दुसऱ्या चालक ताईंच्या नावावर, पहिला जमाखर्च १ जूनला टाकणार.

सल्ल्याची पहिली संध्याकाळ झाली. १९ प्रश्न आले. तासात ११ झाले, ८ शुक्रवारवर ढकलले. दोघी सदस्या थोड्या नाराज झाल्या. बारा जमतील हा अंदाज जवळपास बरोबर होता, पण पहिल्याच दिवशी एकोणीस येतील हे धरलं नव्हतं, आणि अजून पाऊस पडलेला नाही. काय करायचं ते ठरलेलं नाही. एक जण म्हणते तिसरी संध्याकाळ वाढवू, मला वाटतं महिन्याला दोनच प्रश्न असं लिहून टाकावं.

बियाण्याबद्दल कृषी विभागात अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. टेबलावरच्या पुड्यांवर नावं लिहायला मात्र सुरुवात केली. या महिन्यात पहिली पुडी काकूंच्या वांग्याची होती.

पाथर्डी_फाटा | २६ मे, रात्री ९:४०

मी ४७ मधला आहे. लिंबाला नवीन पालवी आली, आठातल्या दोनच पानांवर रेघा आहेत. शुक्रवारी तिन्ही फोटो टाकतो.

आकडेमोड | २६ मे, रात्री १०:०५

शेवंतीताई, पुढच्या मे महिन्यात या ४७ मधले किती जण परत ९०० भरतात तो आकडा याच धाग्यावर लिहा. जे भरणार नाहीत त्यांना कारण विचारा, आणि तेही लिहा.

शेवंती | २६ मे, रात्री १०:१०

लिहिते काका.